निकाल रद्द झाला, पण कारण कुठेच नाही: विद्यापीठाला पत्र लिहिताना आधी काय मागायचं?

निकाल लागले की दरवर्षी एक ठरलेलं दृश्य दिसतं. पोर्टलवर कालपर्यंत 'उत्तीर्ण' दिसत होतं, आज तिथे 'निकाल रद्द' आलं. ना नोटीस, ना मेसेज. कॉलेजात विचारलं तर "विद्यापीठाकडून झालंय", विद्यापीठाच्या खिडकीवर विचारलं तर "कॉलेजमार्फत या". मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम केलं, आणि हा हेलपाटा खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिला आहे.

त्यातलीच एक मुलगी, बी.कॉम.च्या पाचव्या सत्राची. निकालाला नऊ दिवस झाले होते आणि दहाव्या दिवशी तो रद्द दिसला. घाबरून तिने विद्यापीठाला दोन पानांचं पत्र लिहिलं. त्यात बारावीचे गुण होते, वडिलांच्या रिक्षाचा उल्लेख होता आणि शेवटी एकच विनंती होती, 'कृपया माझे सर्व पेपर पुन्हा तपासावेत.' तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: फेरमूल्यांकनासाठी विहित नमुन्यात ऑनलाइन अर्ज करावा. ती अर्ज करायला बसली तर पोर्टल म्हणे, या विद्यार्थ्याचा निकाल उपलब्ध नाही. म्हणजे निकाल नाही म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून निकाल नाही.

विद्यापीठाने आडमुठेपणा केला असं वाटेल. पण खरं सांगायचं तर पत्रातच चुकीची गोष्ट मागितली होती.

मीटर आणि जोडणी

विजेचं बिल भरमसाट आलं तर आपण मीटर तपासून द्या म्हणतो. पण घरातली वीजच तोडली असेल तर मीटर तपासून काय उपयोग? तिथे पहिला प्रश्न 'जोडणी का तोडली' हा असतो.

फेरमूल्यांकन म्हणजे मीटर तपासणं. गुण दिलेले आहेत, पण ते कमी वाटतात, म्हणून दुसऱ्या परीक्षकाने उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी. त्याच्या अलीकडची पायरी गुणपडताळणीची. तिच्यात एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढंच पाहतात. दोन्हींसाठी आधी निकाल अस्तित्वात असावा लागतो. 'रद्द' झाला की जोडणीच गेली. आता गुणांबद्दल बोलायची जागाच उरत नाही.

म्हणून पत्रात तीन मागण्या असू शकतात, पण त्यांचा क्रम उलटा करून चालत नाही. आधी कारण, मग निकाल पूर्ववत करणं, आणि त्यानंतर वाटलं तर फेरमूल्यांकन.

इथे आणखी एक शब्द नीट वाचायला हवा. 'राखून ठेवलेला' निकाल आणि 'रद्द' निकाल या वेगळ्या गोष्टी आहेत. राखून ठेवला म्हणजे काहीतरी कागद किंवा आधीची अट बाकी आहे. मुंबई विद्यापीठाच्या निकालपत्रात RLE दिसतं ते याच जातीचं: खालच्या परीक्षेतला विषय सुटलेला नाही म्हणून वरचा निकाल थांबवला आहे. तिथे पत्र लिहित बसू नका, खालच्या वर्षाची गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जा. रद्द म्हणजे कुणीतरी निर्णय घेतला आहे, आणि निर्णय घेतला असेल तर त्याचा कागद असला पाहिजे.

निकाल रद्द होतो तरी कशाने?

बहुतेक जण पहिल्यांदा कॉपीचा विचार करतात. गैरप्रकार हे एक कारण आहेच, पण त्यात सहसा परीक्षेच्या दिवशीच काहीतरी घडलेलं असतं: उत्तरपत्रिका काढून घेतलेली असते, लेखी जबाब घेतलेला असतो. यातलं काहीच घडलं नसेल तर कारण बहुधा कागदांच्या जुळणीत असतं. प्रवेश नियमित नसणं, पात्रता न मिळणं, उपस्थिती अपुरी असणं ही कारणंही असतात, पण ती कॉलेजला आधीपासून माहीत असतात.

कागदांची जुळणी म्हणजे काय, ते त्या मुलीच्याच प्रकरणात बघू. परीक्षेच्या वर्गाला आमच्याकडे ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकवर कनिष्ठ पर्यवेक्षक असतो. तो हजेरीपत्रकावर सह्या घेतो, उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहितो, हॉल तिकिटावर त्या पेपरसमोर सही करतो आणि शेवटी गैरहजर विद्यार्थ्यांची यादी देतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा केंद्रातून बाहेर पडतो. पुढे तपासणी बारकोडवर चालते, परीक्षकाला नाव किंवा क्रमांक दिसत नाही. गुण भरून झाल्यावर बारकोड आणि बैठक क्रमांक यांची गाठ पुन्हा घातली जाते.

तर ऑडिटिंगच्या पेपरला पाऊस होता आणि एका वर्गाचं छत गळायला लागलं. तो ब्लॉक ऐनवेळी ग्रंथालयात हलवला. त्या गडबडीत ती आणि आणखी तिघं शेजारच्या ब्लॉकमध्ये बसली. तिथल्या पर्यवेक्षकाने त्यांच्या हॉल तिकिटावर सह्या केल्या, उत्तरपत्रिका घेतल्या. पण त्यांच्या मूळ ब्लॉकच्या यादीत ती चौघं गैरहजर लागली. आता विद्यापीठाकडे एकाच पेपरबद्दल दोन गोष्टी पोचल्या: गैरहजर, आणि ४३ गुण. पहिला निकाल गुणांवरून लागला. नंतर ताळेबंद जुळवताना कुणाच्या तरी लक्षात आलं की गैरहजर मुलाला गुण मिळालेत. बाहेरून उत्तरपत्रिका घुसवल्याचा संशय यायला एवढं पुरेसं असतं. चौघांचे निकाल रद्द झाले.

विद्यापीठाने जुळणी तपासली यात चूक नव्हती. खरोखरच उत्तरपत्रिका बदलली असती तर अशीच सापडली असती. चूक पुढे झाली: ज्यांचा निकाल रद्द केला त्यांना एक ओळही लिहिली नाही. तिने ऑडिटिंगसकट सगळे पेपर पुन्हा तपासायला सांगितले, आणि तिच्या गुणांवर कुणाचाच आक्षेप नव्हता.

कारण मागायचा हक्क कुठून येतो?

या हक्काची मोठी गोष्ट १९५४ सालची, उत्तर प्रदेशातली आहे. इंटरमीजिएटच्या परीक्षेत तीन विद्यार्थी द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाल्याचं जाहीर झालं. काही महिन्यांनी त्यांना कळलं की निकाल रद्द झाला आहे आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसता येणार नाही. मधल्या काळात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. बोर्डाचं म्हणणं होतं की आमच्या कायद्यात विद्यार्थ्याला ऐकून घ्या असं कुठे लिहिलेलंच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६२ मध्ये घनश्यामदास गुप्ता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात न्यायालयाने सांगितलं की कायदा गप्प असला तरी बोर्डाला मनमानी करता येत नाही. निर्णयाचे परिणाम इतके गंभीर असतील तर आरोप काय आहे ते सांगून, विद्यार्थ्याला बाजू मांडू देऊनच तो घ्यावा लागतो. वकिली भाषेत याला नैसर्गिक न्याय म्हणतात. घरात दोन भावंडांचं भांडण सोडवताना दोघांचं ऐकतो, तेवढाच त्याचा अर्थ.

दुसरं प्रकरण आपल्या राज्य मंडळाचं. १९९० च्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या गुणपत्रकांत फेरफार होऊन बऱ्याच मुलांचे गुण वाढवलेले आढळले. मंडळाने त्यांना नोटिसा दिल्या, चौकशी केली आणि मग निकाल रद्द केले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं की कारणं नोंदवणं हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग आहे. ती पानंच्या पानं भरून लिहायची गरज नाही, पण कागदपत्रांत दिसली पाहिजेत.

या दोन निकालांमधून पत्रात काय मागायचं ते कळतं. निर्णयाची प्रत, त्यामागची कारणं, आणि म्हणणं मांडायची संधी.

याला एक मोठा अपवाद आहे, तोही सांगायला हवा. १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्रावरच्या सामूहिक कॉपीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, एका विद्यार्थ्यावर ठपका असेल तर त्याला ऐका, पण सगळ्या केंद्राचीच परीक्षा विश्वासार्ह राहिली नसेल तर प्रत्येकाला वेगळं बोलावण्याची गरज नाही. त्यामुळे तुमच्याबरोबर अख्ख्या केंद्राचा निकाल रद्द झाला असेल तर वैयक्तिक सुनावणीच्या मागणीवर फार भिस्त ठेवू नका. फेरपरीक्षा कधी घेणार, हे विचारा.

आता पत्र

आम्ही तिचं दुसरं पत्र लिहिलं, ते एका पानात बसलं. नाव-गाव काढून इथे देतो.

प्रति,
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ
(मार्फत: मा. प्राचार्य. आगाऊ प्रत थेट सादर.)

विषय: बी.कॉम. सत्र ५ चा माझा निकाल रद्द केल्याची कारणे व आदेशाची प्रत मिळणे, निकाल पूर्ववत करणे आणि फेरमूल्यांकनाची मुदत राखून ठेवणे.

महोदय,

माझा बैठक क्रमांक ……, पीआरएन ……. माझा निकाल दि. …… रोजी 'उत्तीर्ण' असा जाहीर झाला. दि. …… पासून पोर्टलवर 'निकाल रद्द' असे दिसते. दोन्ही पानांच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. याबाबत मला आजपर्यंत कोणतीही नोटीस, ई-मेल किंवा पत्र मिळालेले नाही.

मी सहाही पेपर दिले आहेत. प्रत्येक पेपरची पर्यवेक्षकांची सही असलेल्या हॉल तिकिटाची प्रत सोबत आहे. कोणत्याही पेपरला माझ्यावर गैरप्रकाराची कारवाई झालेली नाही.

माझी विनंती अशी:

१) निकाल रद्द करण्याचा निर्णय कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या नियमाखाली घेतला ते कळवावे व आदेशाची प्रत द्यावी.
२) माझ्याविरुद्ध काही आक्षेप असल्यास तो लेखी कळवून मला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. आक्षेप नसल्यास निकाल पूर्ववत करावा.
३) या प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत माझ्या सर्व उत्तरपत्रिका, हजेरीपत्रके व अनुपस्थिती अहवाल नष्ट करू नयेत.
४) छायाप्रत व फेरमूल्यांकनाची मुदत माझ्यासाठी निकाल पूर्ववत झाल्याच्या तारखेपासून मोजावी.

सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याची शेवटची तारीख …… आहे. तोपर्यंत निर्णय होणे शक्य नसल्यास मला तात्पुरता अर्ज भरू द्यावा.

आपली विश्वासू,
……

या ओळी अशाच का?

पत्रात रडगाणं नाही, याचं कारण आम्ही निष्ठुर होतो असं नव्हे. विद्यापीठात रोज पोतंभर पत्रं येतात. पत्र आवक विभागात पडतं, बारनिशीत नोंद होते आणि टेबलावरचा कर्मचारी फक्त विषय वाचून ते कुठल्या विभागाला द्यायचं ते ठरवतो. विषयात 'फेरमूल्यांकन' हा शब्द पहिला असेल तर पत्र फेरमूल्यांकन विभागात जातं आणि तिथून ते ठरलेलं एका ओळीचं उत्तर येतं. तिच्या पहिल्या पत्राचं हेच झालं. दुसऱ्या पत्राच्या विषयात 'निकाल रद्द केल्याची कारणे' आधी आहे, त्यामुळे ते निकाल विभागात गेलं.

पहिल्या मागणीत 'कोणी, कधी, कोणत्या नियमाखाली' हे तीन प्रश्न मुद्दाम आहेत. नुसतं 'कारण सांगा' म्हटलं तर 'नियमानुसार कारवाई केली आहे' एवढंच उत्तर येऊ शकतं. या तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं तर फाईल उघडावीच लागते.

तिसऱ्या मागणीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. उत्तरपत्रिका ठराविक काळच जपतात, मग त्या रद्दीत जातात. तुम्ही सहा महिने पत्रव्यवहार करून जिंकलात आणि उत्तरपत्रिकाच उरली नाही, तर फेरमूल्यांकन कशाचं करणार? चौथी मागणी मुदतीची. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि फेरमूल्यांकन यांचे अर्ज निकालानंतर थोडेच दिवस खुले असतात. रद्द निकालाचे दिवस त्यात मोजले तर हक्क आपोआप बुडतो.

'मार्फत प्राचार्य' आणि 'आगाऊ प्रत' ही जोडीही लक्षात ठेवा. कॉलेजमार्फत न गेल्यास विद्यापीठ पत्र परत पाठवतं, आणि फक्त कॉलेजमार्फत गेल्यास ते प्राचार्यांच्या सहीसाठी पडून राहतं. दोन्ही वाटांनी पाठवा. स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, किंवा स्पीड पोस्टची पावती सांभाळा. शिक्का नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं धरून चाला.

"विद्यापीठ स्वायत्त आहे, ते कशाला उत्तर देईल?"

स्वायत्तता अभ्यासक्रम, तपासणी, गुण यांबाबत असते. न्यायालयंही तिथे सहसा हात घालत नाहीत. पण निर्णय कळवण्यातून कुणालाच सूट नाही.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर दोन वाटा एकाच वेळी धरता येतात. पहिली माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्यात 'का रद्द केला' असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: आदेशाची प्रत, फाईलवरची टिपणी, त्या दिवसाचं हजेरीपत्रक, अनुपस्थिती अहवाल. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिकाही या कायद्याखाली पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलं. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही.

दुसरी वाट तक्रार निवारण समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ती असायला हवी आणि तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. आणि इथे पुन्हा तोच क्रम आडवा येतो. गुण वाढवून द्या म्हणून लोकपालांकडे गेलात तर दार बंद असतं. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला, तरच ते फेरमूल्यांकनाच्या तक्रारीत लक्ष घालतात. कारण न देता निकाल रद्द करणं ही दाखवता येण्याजोगी अनियमितता आहे, 'मला जास्त गुण मिळायला हवे होते' ही नाही.

"पण फेरमूल्यांकन हा माझा हक्कच आहे ना?"

नाही, आणि हे अनेकांना कडू लागतं. १९८४ मध्ये आपल्याच राज्य मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात फेरमूल्यांकनाची सोय नसेल तर ते मागता येत नाही. २०१८ मध्येही न्यायालयाने हेच धोरण ठेवलं. तुमच्या विद्यापीठाच्या नियमात ती सोय असेल तर, तिच्याच अटींत आणि मुदतीत, ती तुमची. काही विद्यापीठांत प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांना ती लागू नसते. म्हणूनही पत्राचा भार कारणावर ठेवायचा. कारण मागायला नियमात वेगळी सोय असावी लागत नाही.

"त्यापेक्षा सरळ हायकोर्टात जाऊ"

जाता येतं, आणि पुढच्या प्रवेशाची तारीख तोंडावर असेल तर जावंही लागतं. पण वकील पहिल्यांदा हेच विचारतील, की विद्यापीठाला लेखी कळवलं होतं का, पोच कुठे आहे. शिक्का मारलेलं ते एक पान तिथेही लागतंच.

त्या मुलीच्या पत्राला तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. त्यात पहिल्यांदा कारण होतं: 'ऑडिटिंग या विषयाच्या अनुपस्थिती अहवालात व प्राप्त गुणांत तफावत.' बरोबर सुनावणीची तारीख. ती हॉल तिकीट घेऊन गेली. त्या दिवशीच्या सहीखाली शेजारच्या ब्लॉकच्या पर्यवेक्षकाचं नाव होतं. केंद्राच्या ज्येष्ठ पर्यवेक्षकांनी ब्लॉक हलवल्याचा लेखी अहवाल दिला, मूळ हजेरीपत्रकाशी ताडून पाहिलं आणि आठवडाभरात चौघांचे निकाल परत आले. बाकीच्या तिघांनी तोवर पत्रच लिहिलं नव्हतं.

ऑडिटिंगचे गुण तेच राहिले, ४३. फेरमूल्यांकनाची मुदत तिच्यासाठी वाढवून मिळाली होती. तिने छायाप्रत मागवली, माझ्या टेबलावर बसून ती सगळी वाचली, आणि अर्ज न करता घरी गेली.